पन्नास मिनिटांचं अंतर, शंभर मिनिटांचं तिकीट

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात एक झकास पत्र आलं आहे. पाठवणारी मैत्रीण नागपूरच्या हुडकेश्वरची, इयत्ता नववीतली. पत्राच्या समासात सगळीकडे आकडेमोड! ती लिहिते:

"काका, माझ्या दादाची पुढच्या महिन्यात मुंबईला मुलाखत आहे, सकाळी साडेदहाला. बाबांनी विमानाचं वेळापत्रक आणलं. विमान नागपूरहून पावणेआठला निघतं आणि मुंबईला नऊ पंचवीसला पोचतं. म्हणजे १ तास ४० मिनिटं. मी नकाशावर पट्टी लावून सरळ अंतर काढलं, ते आलं सुमारे ६८५ किलोमीटर. जेट विमान ताशी ८३० किलोमीटर वेगानं जातं असं पुस्तकात आहे. भागाकार केला तर पन्नास मिनिटंसुद्धा होत नाहीत. मग उरलेली पन्नास मिनिटं जातात कुठं? दादा म्हणतो, कंपनीवाले उगाच वेळ फुगवून सांगतात, विमान साडेआठ-पावणेनऊलाच टेकणार. आई म्हणते, आदल्या दिवशीच निघ. घरात रोज वाद सुरू आहे. आता तुम्हीच सांगा, खरं कोणाचं?"

शाब्बास! वेळापत्रकातला आकडा निमूटपणे मान्य न करता भागाकार करून पाहिला, हे मला फार आवडलं. भागाकारही बरोबर आहे. ६८५ ला ८३० ने भागा आणि ६० ने गुणा, साडेएकोणपन्नास मिनिटं येतात. मग चूक कुठं आहे? चूक गणितात नाहीच. हा भागाकार धरून चालतो की विमान नागपूरच्या डोक्यावर आधीच पूर्ण उंचीवर, पूर्ण वेगात आहे आणि मुंबईच्या डोक्यावरून तसंच पुढे निघून जाणार आहे. पण दादाला मुंबईच्या डोक्यावरून जायचं नाही, मुंबईत उतरायचं आहे!

तुमच्या रोजच्या वाटेवरचं उदाहरण घेऊ. हुडकेश्वरहून बर्डीला स्कूटरनं जायचं. अंतर नऊ-दहा किलोमीटर, स्कूटर ताशी चाळीसनं पळते. भागाकार केला तर पंधरा मिनिटं. पण पंधरा मिनिटांत बर्डीला पोचलेला कोणी पाहिलाय का? फाटकातून गाडी काढायची, गल्लीतून हळूहळू मोठ्या रस्त्याला यायचं, म्हाळगी नगरच्या चौकात थांबायचं, पुढे सिग्नल, आणि बर्डीला पोचल्यावर गाडी लावायला जागा शोधायची. स्कूटरचा काटा चाळीसवर असतो तो मधल्या थोड्या वाटेवर. विमानाचंही अगदी असंच आहे. फक्त त्याच्या गल्ल्या आणि चौक आपल्याला दिसत नाहीत. आज ते एकेक करून पाहू.

ठोकळे काढल्यापासून ठोकळे लावेपर्यंत

पहिली गोष्ट म्हणजे तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसतेच. विमान उभं असताना ते घरंगळू नये म्हणून त्याच्या चाकांपुढे-मागे ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हललं, ती सुटण्याची वेळ. मुंबईत ते आपल्या जागेवर येऊन थांबलं आणि पुन्हा ठोकळे लागले, ती पोचण्याची वेळ. या दोन्हींमधल्या काळाला विमानवाले 'ब्लॉक टाइम' म्हणतात. वेळापत्रकात छापलेला असतो तो हाच. चाकं जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतची वेळ वेगळी आणि ती बरीच कमी असते.

आता पावणेआठला काय होतं ते बघा. विमानाचं नाक इमारतीकडे असेल, तर त्याला मागं सरकणं भाग असतं. मोटारीसारखा रिव्हर्स गिअर विमानाला नसतो. म्हणून एक बुटकं, दणकट ट्रॅक्टर पुढच्या चाकाला जोडून त्याला मागं ढकलतं. ढकलता ढकलता इंजिनं सुरू होतात, तीसुद्धा दोन्ही एकदम नव्हे तर एकामागून एक. मग ट्रॅक्टर सुटतं आणि विमान स्वतःच्या इंजिनांच्या जोरावर धावपट्टीच्या टोकाकडे चालू लागतं. याला 'टॅक्सी करणं' म्हणतात. सरळ वाटेवर त्याचा वेग गावातल्या स्कूटरइतका आणि वळणावर सायकलइतका असतो. धावपट्टीवर दुसरं विमान उतरत असेल तर आणखी थांबावं लागतं. नागपूरच्या सोनेगावला फार गर्दी नसते, तरी या सगळ्यात दहा-बारा मिनिटं सहज जातात. मुंबईत उतरल्यावर धावपट्टीवरून आपल्या जागेपर्यंत यायला आणखी सात-आठ मिनिटं. जागेवर आधीचं विमान उभं असेल तर अजून जास्त. म्हणजे वीस मिनिटं गेली, आणि या वीस मिनिटांत दादा मुंबईच्या दिशेनं जवळजवळ काहीच पुढे गेला नाही!

आधी वाऱ्याकडे, मग मुंबईकडे

विमान उडतं ते शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून. समोरून वारा आला की पंखांना आयतीच हवा मिळते आणि कमी धावेत विमान उचललं जातं. सोनेगावच्या धावपट्टीच्या दोन टोकांना १४ आणि ३२ असे आकडे आहेत. त्यांच्यापुढे एकेक शून्य लावा, म्हणजे होकायंत्रावरचे अंश मिळतात, १४० आणि ३२०. एका बाजूनं उडालं तर विमान आग्नेयेकडे जातं, दुसऱ्या बाजूनं उडालं तर वायव्येकडे. आणि मुंबई आहे पश्चिमेला, जराशी दक्षिणेकडे झुकलेली, साधारण २५० अंशांवर.

म्हणजे कोणत्याही बाजूनं उडालं तरी वळणं आलंच! आग्नेयेकडे उडालं तर ते आधी मुंबईपासून दूर जातं. तुझ्या घराच्या गच्चीवरून पश्चिम-नैर्ऋत्येला नजर ठेव. सोनेगावहून उडालेलं विमान तिकडून पुढे सरकत मोठं वळण घेताना कधीतरी दिसेल. मुंबईला जायचं असून हे उलटं कावून चाललं, असा प्रश्न तुला पडला असेल, तर त्याचं उत्तर हे आहे.

पुढचा मार्गही नकाशावरच्या पट्टीसारखा सरळ नसतो. आकाशात ठरलेले बिंदू असतात, त्यांना नावं असतात, आणि विमान एका बिंदूवरून दुसऱ्याकडे जातं. मुंबईजवळ आल्यावर धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा वळावं लागतं. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून असला की विमानं पूर्वेकडून, घाटकोपरवरून येऊन उतरतात. नागपूरहून येणाऱ्याला ते सोयीचंच. पण वारा उलटा असला तर अख्खी मुंबई ओलांडून समुद्रावर जायचं आणि तिथून मागं वळून उतरायचं. हे सगळे वळसे धरून ६८५ चे आपण ७३० किलोमीटर धरू. पूर्ण वेगातही या जादा अंतराला तीन मिनिटं लागतात.

चढण

आता खरी गंमत सुरू होते. ताशी ८३० किलोमीटर हा वेग पस्तीस हजार फुटांवरचा आहे, म्हणजे साडेदहा किलोमीटर उंचीवरचा. तिथली हवा खूप विरळ असते, अडथळा कमी होतो, म्हणून एवढा वेग थोड्या इंधनात राखता येतो. खालच्या दाट हवेत तो राखायचा म्हटलं तर इंधन भरमसाट जळेल आणि विमानाच्या अंगावर हवेचा दाब पेलवणार नाही इतका येईल. शिवाय विमानतळाजवळ वर-खाली करणाऱ्या विमानांची दाटी असते. म्हणून दहा हजार फुटांच्या खाली वेगाची मर्यादा साधारण २५० नॉट ठेवतात, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर. तो पूर्ण वेगाच्या निम्म्याहून थोडा जास्त झाला.

पूर्ण उंची गाठायला दीड-पावणेदोनशे प्रवाशांच्या जेट विमानाला साधारण वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात ते दोनशेएक किलोमीटर पुढे सरकतं. नकाशा काढा आणि नागपूर-मुंबई रेषेवर नागपूरपासून दोनशे किलोमीटर मोजा. बोट कुठं येतं? अकोला आणि वाशीम यांच्या मधे! म्हणजे वर्धा गेलं, अमरावतीची बाजू गेली, तरी विमान अजून घाट चढणाऱ्या एस.टी.सारखं चढतंच आहे. हेच दोनशे किलोमीटर पूर्ण वेगात साडेचौदा मिनिटांत झाले असते.

उतार

चढणीत वेळ जातो हे पटतं. पण उतारावर तर सायकल भन्नाट सुटते, मग विमान का नाही? कारण विमानाला नुसतं खाली यायचं नसतं, खाली येता येता हळूही व्हायचं असतं. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. नाक खाली केलं की वेग वाढतो. विमानाचं अंग इतकं गुळगुळीत असतं की इंजिनं अगदी मंद केली तरी ते तरंगत तरंगत कितीतरी दूर जातं. म्हणून वैमानिक एक साधा हिशेब ठेवतात. हजार फूट उतरायला साडेपाच किलोमीटर लागतात. पस्तीस हजार फुटांसाठी झाले एकशे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. त्यात वेग कमी करण्यासाठी आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी लागणारी वाट मिळवा. एकूण २३० किलोमीटर धरू.

म्हणजे छत्रपती संभाजीनगर मागं पडलं की थोड्याच वेळात उतरायची सुरुवात! प्रवाशाला हे कानानं कळतं. इंजिनांचा आवाज एकदम मऊ होतो, नाक किंचित झुकतं, आणि थोड्या वेळानं कानात दडे बसू लागतात. 'आत्ता तर वर आलो, लगेच उतरायलाही लागलो?' असं दादाला वाटेल. पण ते अगदी बरोबर आहे.

शेवटचा टप्पा तर फारच संथ असतो. पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्या, म्हणजे फ्लॅप, बाहेर येतात, चाकं खाली येतात, आणि वेग ताशी २६० किलोमीटरवर येतो. म्हणजे शेवटच्या वीस किलोमीटरला साडेचार मिनिटं लागतात. वर असताना हेच अंतर दीड मिनिटात कापलं होतं. सगळा उतार धरून सत्तावीस मिनिटं होतात. पूर्ण वेगात ती साडेसोळा झाली असती.

आता ७३० मधून चढणीचे २०० आणि उताराचे २३० वजा करा. उरले ३०० किलोमीटर. तुझ्या पुस्तकातला ताशी ८३० चा वेग लागू होतो तो फक्त या तीनशे किलोमीटरना, म्हणजे बावीस मिनिटांना! शंभर मिनिटांच्या तिकिटात पूर्ण वेग फक्त बावीस मिनिटं!

आकाशातली रांग

अजून एक चौक राहिला आणि तो सगळ्यात बेभरवशाचा. मुंबईच्या सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना कात्रीसारख्या छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी सर्रास वापरता येत नाहीत आणि मुख्य भार एकीवरच पडतो. तिच्यावर एका वेळी एकच विमान असलं पाहिजे. मागच्यानं पुढच्यापासून काही किलोमीटर अंतरही राखलं पाहिजे, कारण पुढच्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात आणि त्यांत सापडलेलं विमान डगमगतं.

मग एकदम दहा विमानं आली तर? त्यांना थांबावं लागतं. पण विमान आकाशात उभं राहू शकत नाही. ते पुढे जायचं थांबलं तर पडेल! म्हणून ते घिरट्या घालतं, पण वाटेल तशा नाही. शाळेच्या मैदानावरच्या धावण्याच्या ट्रॅकसारखा लांबट आकार असतो. एक मिनिट सरळ, एका मिनिटात अर्धं वर्तुळ, परत एक मिनिट सरळ आणि पुन्हा एका मिनिटात अर्धं वर्तुळ. झाली एक फेरी, चार मिनिटांची. चौदा हजार फुटांच्या वर सरळ बाजू मिनिटाऐवजी दीड मिनिटाची असते. एकाच जागी बरीच विमानं थांबली असतील तर ती एकावर एक रचतात, प्रत्येकात हजार फुटांचं अंतर. डब्यांची उतरंडच म्हणा ना! सर्वांत खालच्याला उतरायची परवानगी मिळाली की वरचं प्रत्येक विमान एकेक पायरी खाली येतं.

हे किती होऊ शकतं? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं सांगितलं, की मुंबईत गर्दीच्या वेळी विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत होत्या. तासाला सरासरी २००० किलो इंधन जळतं असं धरून, चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत एका विमानाचं १.७ किलोलिटर, म्हणजे १७०० लिटर इंधन वाया जात होतं. त्याची किंमत सुमारे १ लाख ८० हजार रुपये! उपाय म्हणून गर्दीच्या तासांत उतरणाऱ्या आणि उडणाऱ्या विमानांची मिळून मर्यादा ४६ वरून ४४ करण्यात आली. हा आकडा किरकोळ वाटतो ना? भागाकार करून बघा. तासाला ४६ म्हणजे दर ७८ सेकंदांना एक विमान. तासाला ४४ म्हणजे दर ८२ सेकंदांना एक. प्रत्येकी चार सेकंद सैल झाले. दर ७८ सेकंदांची रांग लावली आणि एकच विमान धावपट्टीवरून बाहेर पडायला अर्धा मिनिट रेंगाळलं, तरी मागच्या सगळ्यांना धक्का बसतो आणि तो भरून काढायला मधे मोकळी जागाच नसते.

घिरट्या घालताना इंधन संपलं तर, ही भीती मात्र नको. निघतानाच मुंबईपर्यंतच्या इंधनाशिवाय तिथून दुसऱ्या एखाद्या विमानतळावर जाण्यापुरतं आणि तिथेही अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं इंधन घेतलेलं असतं. थांबून थांबून मुंबईसाठीचा साठा संपत आला, तर वैमानिक वाट न पाहता दुसरीकडे जातो. आणि मुंबईत गर्दी आहे हे आधी कळलं तर विमानाला नागपुरातच थोडं थांबवून ठेवतात. जमिनीवर थांबायला इंधन जवळजवळ लागत नाही. तेव्हा 'मुंबईच्या गर्दीमुळे आपण थोडा वेळ इथेच थांबणार आहोत' अशी घोषणा झाली, तर वैतागायचं नाही. वरची रांग खाली आली आहे, एवढंच.

जमाखर्च

चला, आता नेहमीच्या एखाद्या दिवसाचा हिशेब मांडू. तुझ्या भागाकाराची ५० मिनिटं. वळशांची ३. चढण आणि उतार यांत वेग कमी असल्यानं जादा गेलेली, साडेपाच आणि साडेदहा मिळून १६. जमिनीवरची दोन्हीकडची २०. बेरीज झाली ८९. मग शंभर कशी? उरलेली ११ मिनिटं कंपनीनं राखून ठेवलेली असतात. आधीच्या उड्डाणांत प्रत्यक्ष किती वेळ गेला हे पाहून, बहुतेक दिवशी विमान वेळेत पोचेल असा आकडा कंपनी छापते. एखाद-दुसरी घिरटी, समोरचा वारा, मुंबईत जागेसाठी थांबणं, हे सगळं त्यात बसतं.

म्हणजे दादाचं म्हणणं थोडं बरोबर आहे. वेळ किंचित फुगवलेली असतेच. रांग नसली तर विमान दहा मिनिटं आधी पोचतं आणि 'आपण वेळेच्या आधी आलो आहोत' अशी घोषणा होते. पण फुगवलेली आहेत ती अकरा मिनिटं, पन्नास नव्हेत! आणि कंपनीला ती वाटेल तेवढी वाढवणंही परवडत नाही. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. प्रत्येक फेरीत पंधरा मिनिटं जादा धरली तर शेवटची फेरी होणारच नाही.

आता मुलाखतीचं. साडेआठला टेकण्याची आशा दादानं सोडून द्यावी. नऊ पंचवीस हीसुद्धा खात्री नव्हे, तो अंदाज आहे. छापलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान हिशेबात 'वेळेवर'च धरलं जातं. मंत्रालयानं गर्दीचे म्हणून सांगितलेल्या तासांत सकाळचे ८ ते ११ होते, आणि दादा नेमका त्यातच उतरणार. नऊ पंचवीसला विमान थांबेल, मग दार उघडेल, सामान येईल, आणि पुढे मुंबईचे रस्ते! साडेदहाच्या मुलाखतीला हे फार अटीतटीचं आहे. तेव्हा या वादात माझं मत आईला. विमानानंच जायचं तर आदल्या संध्याकाळचं धरावं. आणखी एक, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुरू झाली आहेत. तिकिटावर कोणत्या विमानतळाचं नाव आहे तेही पाहून घ्या.

वेग तिप्पट, वेळ निम्माही नाही

या हिशेबातून एक मजेदार गोष्ट निघते. ती पन्नास जादा मिनिटं अंतरावर फारशी अवलंबून नाहीतच. मुंबईला जा की दिल्लीला, ढकलणं, चालणं, चढणं, उतरणं सगळीकडे जवळपास सारखंच. नागपूर-दिल्ली सरळ अंतर सुमारे ८५० किलोमीटर आहे. भागाकार एकसष्ट मिनिटं, अधिक पन्नास, म्हणजे एक तास एक्कावन्न मिनिटं. वेळापत्रकात बघ, उत्तर जवळपास जुळेल. जिथं धावपट्टीला गर्दी नसते तिथं पन्नासाचे पस्तीस-चाळीस होतील.

म्हणूनच नुसता वेग वाढवून फारसं साधत नाही. यालाही साक्षीदार आपलं नागपूरच आहे. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करत आणि परत जात. ती डाकोटा विमानं होती, वेग ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. २६० धरून ६८५ किलोमीटरचा भागाकार करा, दोन तास अडतीस मिनिटं येतात. डाकोटा फार उंच चढत नसे, त्यामुळे चढ-उतारात तिचा वेळ थोडाच जाई. जमिनीवरची मिनिटं मिळवून तीन तासांच्या आसपास हिशेब येतो. आजच्या जेटचा वेग तिच्या तिप्पट आहे. मग प्रवास एका तासात व्हायला हवा ना? पण लागतात शंभर मिनिटं. वेग तिप्पट झाला, वेळ निम्मीसुद्धा झाली नाही!

दादाबरोबर एक घड्याळ, एक पेन्सिल आणि कागदाचा कपटा दे. त्याला सहा वेळा टिपायला सांग. विमान जागेवरून हललं ती वेळ, चाकं सुटली ती, चढण संपून विमान सपाट झालं ती, इंजिनांचा आवाज मऊ झाला ती, चाकं टेकली ती, आणि विमान थांबलं ती. खिडकीतल्या उन्हाकडेही लक्ष ठेवायला सांग. उन्हाचा पट्टा एका खिडकीतून सरकत जाऊन दर चार मिनिटांनी पुन्हा तिथंच येऊ लागला, तर समजायचं की आपण उतरंडीत आहोत आणि खालचा डबा हलायची वाट पाहतोय. संध्याकाळचं विमान असेल तर उन्हाऐवजी खालचे दिवे पाहायला सांग.

तो कपटा परत आला की या सहा वेळांमधले पाच तुकडे वजाबाकी करून काढ आणि मला पाठव. माझी बावीस मिनिटं बरोबर निघतात का, ते आपण पडताळून पाहू. दादाला मुलाखतीसाठी शुभेच्छा!